शंभर शेअर, पण पैजा किती?

समजा, पैसे सांभाळायला द्यायचे आहेत आणि समोर दोन जण आहेत. पहिले गृहस्थ वर्षातून चारदाच तोंड उघडतात. येत्या तिमाहीत बाजार चढेल की पडेल एवढंच सांगतात, आणि त्यांचे शंभरातले साडेबासष्ट अंदाज बरोबर ठरतात. दुसऱ्या बाई वर्षभरात शंभर वेगवेगळ्या शेअरांबद्दल मत देतात. त्यांचे शंभरातले जेमतेम साडेबावन्न बरोबर येतात. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नास आलेच असते, म्हणजे बाईंची सगळी हुशारी त्या वरच्या अडीचात.

बहुतेक जण पहिल्यांकडे जातील. पण हिशेब करून पाहू. प्रत्येक अंदाजावर एक रुपयाची पैज: बरोबर आला तर एक रुपया मिळणार, चुकला तर एक जाणार. पहिल्यांची प्रत्येक पैजेमागे सरासरी कमाई २५ पैसे, म्हणजे चार पैजांत एक रुपया. बाईंची कमाई पैजेमागे फक्त पाच पैसे, पण पैजा शंभर, म्हणून वर्षाला पाच रुपये. आता नशिबाचा हेलकावा पाहा. एका पैजेत निकाल साधारण एक रुपयाने इकडे किंवा तिकडे जातो. चार पैजांत हा हेलकावा चौपट होत नाही, कारण एक चुकली तर दुसरी सावरून घेते. तो वाढतो पैजांच्या वर्गमुळाने. चार पैजांत दोन रुपये, शंभर पैजांत दहा रुपये.

पहिल्यांची कमाई एक आणि हेलकावा दोन. बाईंची कमाई पाच आणि हेलकावा दहा. दोघांचं गुणोत्तर तेच, ०.५.

या गुणोत्तराला गुंतवणुकीच्या व्यवसायात इन्फर्मेशन रेशो म्हणतात. फंडाने निर्देशांकापेक्षा जो जादा परतावा मिळवला, त्याला त्या जादा परताव्याच्या चढउताराने भागायचं. निफ्टीपेक्षा सरासरी दोन टक्के जास्त आणि त्या जास्तीचा वार्षिक हेलकावा चार टक्के, तर रेशो ०.५. व्यवसायातल्या लोकांच्या लेखी हा आकडा चांगला समजला जातो. आणि तो कुठून येतो याचं सूत्र रिचर्ड ग्रिनोल्ड यांनी १९८९ साली मांडलं:

IR = IC × √BR

डावीकडे इन्फर्मेशन रेशो. उजवीकडे IC म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल यांच्यातला सहसंबंध, आणि BR म्हणजे ब्रेड्थ, वर्षभरातल्या स्वतंत्र पैजांची संख्या. आपल्या हो-नाहीच्या खेळात IC काढणं सोपं आहे. बरोबर येण्याच्या प्रमाणाची दुप्पट करून त्यातून एक वजा करायचा. साडेबावन्न टक्क्यांचे होतात ०.०५, साडेबासष्टचे ०.२५. पहिल्यांचं कौशल्य बाईंच्या पाचपट आहे, पण त्यांच्या पैजा पंचवीसपट कमी. पंचविसाचं वर्गमूळ पाच, म्हणून दोघं बरोबरीत.

सूत्र इतकं सुटसुटीत आहे की ते वाचून लगेच एक मोह होतो. कौशल्य वाढवणं कठीण, पण पैजा वाढवायला काय लागतं? शंभराच्या जागी चारशे शेअर घ्या, रेशो दुप्पट. हा मोह जिथे फसतो ती जागा सूत्रातल्या एकाच शब्दाने झाकलेली असते. तो शब्द म्हणजे ‘स्वतंत्र’.

बाईंच्या यादीत टीसीएस, इन्फोसिस, विप्रो, एचसीएल टेक आणि टेक महिंद्रा आहेत असं धरू. पाचही वर जातील असं त्यांचं मत. कागदावर पाच पैजा झाल्या. पण पाचांची गिऱ्हाइकं मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत, पाचांची बिलं मुख्यतः डॉलरमध्ये. तिथल्या बँकांनी तंत्रज्ञानावरचा खर्च आखडला की पाचही एकदम वाकतात. प्रत्येक कंपनीचं स्वतःचं काही असतंच, एखादं मोठं कंत्राट मिळतं, एखादा मुख्याधिकारी सोडून जातो. ते बाजूला ठेवलं तर पाच शेतांत पेरणी केली तरी पाऊस एकच, अशी गत.

हा एकोपा किती महाग पडतो ते पाहण्यासारखं आहे. बाईंच्या शंभर पैजांतल्या कुठल्याही दोघींच्या निकालांत फक्त ०.१ एवढा सहसंबंध आहे असं मानू. आलेखावर ठिपके मांडले तर डोळ्यांना नातं दिसणारही नाही, इतका तो किरकोळ. पण शंभर पैजांत जोड्या होतात ४,९५०, आणि प्रत्येक जोडी हेलकाव्यात आपली चिमूट टाकते. स्वतंत्र पैजांची खरी संख्या काढायची तर शंभराला १ + ९९ × ०.१, म्हणजे १०.९ ने भागायचं. उत्तर येतं नऊ आणि थोडं. कमाई पाच रुपयेच राहते, पण हेलकावा दहाचा तेहतीस होतो आणि रेशो ०.५ वरून ०.१५ वर घसरतो. याहून वाईट म्हणजे बाईंनी शंभराचे हजार शेअर केले, दहा हजार केले, तरी हा खरा आकडा दहाच्या पुढे जातच नाही. वर्गमुळाची शिडी तिथे संपते.

यावर उपाय नाही असं नाही. सगळ्या पैजांना एकत्र हलवणारा सामाईक धागा ओळखून तो कापून काढायचा. अमेरिकी मागणी हा धागा असेल तर पाचांतल्या तीन कंपन्या घ्यायच्या आणि उरलेल्या दोन निर्देशांकातल्या वाट्यापेक्षा कमी ठेवायच्या, म्हणजे मत कंपन्यांमधल्या फरकावर राहतं, मागणीवर नाही. ग्रिनोल्ड ज्या संस्थेत होते तिचा धंदाच मुळी हा होता. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीची ही संस्था, नाव ‘बारा’. आपल्या आकड्याशी त्याचा संबंध नाही, ते संस्थापक बार रोझेनबर्ग यांच्या नावावरून आलंय. शेअरांच्या चढउतारातला सामाईक भाग आणि खासगी भाग वेगळे करणारी मॉडेलं ही संस्था विकायची. सूत्रातल्या पैजा या खासगी भागावरच्या पैजा आहेत, हे तिथल्या माणसाला वेगळं सांगावं लागलं नसणार. बाहेर पडल्यावर मात्र सूत्र पुढे गेलं आणि अट मागे राहिली.

पैजा फुगवण्याची दुसरी तऱ्हा वेळेची आहे. तेच शंभर शेअर, पण मत दर महिन्याला द्यायचं, म्हणजे वर्षाला बाराशे. इथे विचारायचं ते हे, की या महिन्याचं मत गेल्या महिन्याच्या मतापेक्षा नव्या माहितीवर आहे का? पुस्तकी मूल्याच्या मानाने शेअर स्वस्त आहे म्हणून घेतला असेल, तर तो पुढच्या महिन्यातही बहुधा स्वस्तच असतो. ती एकच पैज बारा वेळा मोजली गेली. मत खरोखरच दर महिन्याला बदलत असेल तर पैजा वाढतात, पण प्रत्येक बदलागणिक दलाली आणि एसटीटी हा व्यवहारावरचा करही वाढतो. मूळ सूत्रात खर्चाला जागाच नाही. एका पैजेमागे सरासरी पाच पैसे मिळवणाऱ्याला चार पैशांचा खर्च काय करतो, हे सांगायला नको.

आणखी एक गळती आहे, ती थोडक्यात सांगतो. मत असणं आणि ते अमलात आणता येणं यात अंतर असतं. ज्या शेअरचा निर्देशांकात अर्धा टक्काच वाटा आहे तो पडणार अशी बाईंची कितीही खात्री असली, तरी साध्या म्युच्युअल फंडात त्या तो शून्यावर आणू शकतात, त्याखाली नाही. रॉजर क्लार्क, हरिंद्र डी सिल्वा आणि स्टीव्हन थॉर्ली यांनी २००२ मध्ये यासाठी सूत्राला तिसरा गुणक जोडला, ट्रान्सफर कोएफिशंट. तो शून्य ते एक असतो. ०.५ असेल तर रेशोही निम्मा.

आता बाईंच्या यादीत खऱ्या पैजा किती, हे बाहेरून कसं कळणार? एक साधी नोंद ठेवता येते. दर महिन्याच्या शेवटी शंभरातली किती मतं बरोबर निघाली एवढंच लिहायचं. पैजा स्वतंत्र असतील तर आकडा साडेबावन्नाच्या आसपास घुटमळतो. त्याचा स्वाभाविक हेलकावा पाच, म्हणून बहुतेक महिने ४३ ते ६२ मध्ये पडायला हवेत. वहीत एखाद्या महिन्यात ७८, एखाद्यात २५, पुन्हा ६९ असे आकडे दिसू लागले तर समजावं की शंभर जणी एकाच दोरीला बांधलेल्या आहेत. ०.१ च्या त्या किरकोळ सहसंबंधात हा हेलकावा साडेसोळापर्यंत जातो. ७८ चा महिना आला की सगळे खूश असतात आणि वही कुणी उघडत नाही, पण २५ एवढाच इशारा ७८ मध्येही असतो.

सरासरी कौशल्याची खात्री करायला मात्र फार वेळ लागतो. परतावा हे निव्वळ नशीब नव्हतं असं संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर म्हणायला रेशो ०.५ असताना सोळा वर्षं लागतात. ०.१५ असेल तर पावणेदोनशे.

वहीलाही एक मर्यादा आहे. सहसंबंध शांत दिवसांत मोजलेला असतो, आणि तो तसाच राहील याची हमी कुणी दिलेली नसते. ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेत हे घडलं. संगणकी मॉडेलं वापरून शेकडो, काही ठिकाणी हजारो शेअरांत पैजा लावणारे अनेक फंड होते. निम्मे शेअर घेतलेले, निम्मे उसने घेऊन विकलेले, सामाईक धागे शक्य तेवढे कापलेले. ब्रेड्थच्या दृष्टीने आदर्श मांडणी. सोमवार, ६ ऑगस्टला एस अँड पी ५०० निर्देशांक दोन टक्क्यांहून जास्त वर गेला, आणि त्याच आठवड्यात हे फंड एकापाठोपाठ एक तोट्यात बुडू लागले. गोल्डमन सॅक्सच्या अशा एका फंडाने आठवड्यात सुमारे ३० टक्के गमावले. बँकेचे वित्तप्रमुख तेव्हा म्हणाले की २५ प्रमाण विचलनांचे, म्हणजे नेहमीच्या हेलकाव्याच्या २५ पटींचे, चढउतार सलग अनेक दिवस दिसले. पैजा स्वतंत्र धरून काढलेल्या विचलनात मोजलं तर असा एक दिवसही विश्वाच्या वयात येऊ नये. चूक दिवसांची नव्हती, भाजकाची होती.

अमीर खंडानी आणि अँड्र्यू लो यांनी नंतर मांडलेला तर्क असा: कुठल्यातरी मोठ्या फंडाला पैशांची गरज पडली आणि त्याने आपल्या पैजा घाईने मोडल्या. बाकीच्यांची मॉडेलं बरीचशी तशाच आकड्यांवर चालत असल्याने त्यांच्या याद्याही मिळत्याजुळत्या होत्या. एकाच्या विक्रीने दुसऱ्याचा तोटा, त्या तोट्याने त्याची विक्री. कंपन्यांमधला सामाईक धागा सगळ्यांनी कापला होता. यादी बनवणाऱ्यांमधला धागा कुठल्याच मॉडेलमध्ये नव्हता, कारण तो शेअरांच्या जुन्या किमतींत दिसतच नाही.

शुक्रवारी, १० ऑगस्टला भाव उलटे फिरले आणि तोट्याचा मोठा भाग भरून निघाला. ज्यांनी गुरुवारी घाबरून पैजा मोडल्या होत्या, त्यांच्याकडे तो भरून घ्यायला काही उरलं नव्हतं.