फोर-के ठरवण्याआधी कॅमेरा-तास मोजा

(लांब कार्यक्रमाचं तीन-चार कॅमेऱ्यांचं शूटिंग घेऊन येणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

अरंगेत्रम, नाटकाचा प्रयोग, शाळेचं गॅदरिंग, गाण्याची बैठक. शूटिंग झालं की संपादनासाठी हार्डडिस्क घेऊन लोक नारायण पेठेतल्या आमच्या जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढत येतात आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं : ‘फोर-केमध्येच करा, हार्डडिस्क मोठी आणलीय.’ ती मोठी हार्डडिस्क तिसऱ्या दिवशी भरते, काम थांबतं आणि ‘अजून किती दिवस?’ असे फोन सुरू होतात. हे टाळता येतं. त्यासाठी दहा मिनिटांचा हिशेब पुरतो, पण तो शूटिंगच्या आधी करायला हवा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. जागा, मेमरी आणि रेंडरचा, म्हणजे संपादित कार्यक्रमाची अंतिम फाइल तयार होण्याचा, वेळ या तिन्ही गोष्टी फोर-केने वाढतात हे खरं, पण प्रत्येक गोष्ट वेगळ्या कारणाने वाढते. जागा वाढते ती किती कॅमेरे किती तास चालले त्यावर. मेमरी लागते ती एका क्षणी किती मोठ्या किती फ्रेम हाताळायच्या आहेत त्यावर. कार्यक्रम एक तासाचा आहे की चार तासांचा, याने मेमरीत फारसा फरक पडत नाही. आणि रेंडरचा वेळ ठरतो तो तयार कार्यक्रमाच्या लांबीवर आणि त्यातला किती भाग जड आहे त्यावर. तिन्हींचा अंदाज एकाच आकड्यावरून काढला की तो चुकतोच.

जागा : कार्डं मोजू नका

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. कार्डांवरचं शूटिंग एकूण किती जीबी भरलं ते बघायचं आणि तेवढी मावेल अशी हार्डडिस्क आणायची. पण कार्डावर असतो तो फक्त कच्चा माल. स्वयंपाकाला बसायचं तर ओट्यावर भाजी चिरायलाही जागा लागते.

मोजायची रीत सोपी आहे. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये बिटरेट लिहिलेला असतो, उदाहरणार्थ १००M. हे सेकंदाला १०० मेगाबिट आहेत, मेगाबाइट नव्हेत. ८ ने भागलं की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट होतात, म्हणजे तासाला ४५ जीबी. रोज भागाकार करायला नको म्हणून आम्ही भिंतीवर हे लिहून ठेवलं आहे :

```
जीबी = बिटरेट × ०.४५ × कॅमेरा-तास
```

कॅमेरा-तास म्हणजे प्रत्येक कॅमेरा जितका वेळ चालू होता त्या वेळांची बेरीज. कार्यक्रम तीन तासांचा असला तरी मध्यंतरात आणि सुरुवातीच्या उशिरात कॅमेरे बंद करू नयेत, असं आम्हीच सांगतो. मधे बंद केले नाहीत तर सगळे अँगल एकदाच जुळवून भागतं. म्हणून मोजताना कार्यक्रमपत्रिका बघू नका, कॅमेरा किती वेळ चालला ते बघा.

भरतनाट्यमच्या एका ताईंच्या शिष्येचं अरंगेत्रम आमच्याकडे आलं होतं. चार कॅमेरे, प्रत्येकी साडेतीन तास, म्हणजे १४ कॅमेरा-तास. सगळं फोर-के, सेकंदाला २५ फ्रेम, १०० मेगाबिट. १०० × ०.४५ × १४, म्हणजे ६३० जीबी. ताईंनी एक टीबीची हार्डडिस्क आणली होती आणि त्यांच्या हिशेबाने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा शिल्लक राहणार होती. (विंडोज एक टीबीच्या जागी ९३१ दाखवतं, कारण ते १०२४ च्या हिशेबाने मोजतं. दुकानदाराने फसवलेलं नसतं.)

आता पुढचं बघा. चार अँगल एकाच वेळी पडद्यावर चालवून कटिंग करायचं तर हलक्या प्रती कराव्या लागतात, त्यांना आम्ही प्रॉक्सी म्हणतो. प्रोरेस हा संपादनासाठीचा व्हिडिओ फॉरमॅट आहे. फुल एचडी मापाच्या प्रोरेस प्रॉक्सी प्रतीला २५ फ्रेमला तासाला साधारण १७ जीबी लागतात. १४ कॅमेरा-तासांचे २३८ झाले. तयार कार्यक्रम तीन तासांचा. त्याची फोर-के मास्टर प्रत प्रोरेस ४२२ मध्ये ठेवली तर तासाला सुमारे २२१ जीबी, म्हणजे ६६३. घरी टीव्हीवर बघायची किंवा यूट्यूबवर चढवायची प्रत ६० जीबी. सॉफ्टवेअरच्या कॅशेसाठी अशा कामाला आम्ही २०० धरतो. बेरीज जवळजवळ १,८०० जीबी होते, म्हणजे कार्डांवरच्या मापाच्या तिपटीला थोडी कमी. शिवाय कच्च्या शूटिंगची दुसरी प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर हवीच. ताईंची एक टीबीची हार्डडिस्क शेवटी त्या दुसऱ्या प्रतीसाठी उपयोगी पडली आणि कामासाठी आम्ही चार टीबीची मागवली. दोन टीबीत आकडा बसला असता, पण हार्डडिस्क काठोकाठ भरली की ती मंदावते. आम्ही पाचवा हिस्सा रिकामा ठेवतो.

काही जण घरीच सगळ्या क्लिप फोर-के प्रोरेस ४२२ मध्ये बदलून आणतात. त्यामागची इच्छा चांगली असते, पण १४ कॅमेरा-तासांचे ३,००० जीबींहून जास्त होतात आणि चित्र मूळ क्लिपपेक्षा सुधारत नाही. शिवाय चार अँगल एकदम चालवायला सेकंदाला सुमारे २४५ मेगाबाइट वाचावे लागतात, ते साध्या फिरत्या हार्डडिस्कला जमत नाही. कॅमेऱ्यातून निघालेल्या क्लिप जशाच्या तशा आणा. फोल्डरही मोडू नका.

मेमरी : इथे लांबीचा प्रश्न नाही

फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, फोर-केमध्ये ८२.९ लाख, म्हणजे बरोबर चौपट. रंगाचं काम करताना सॉफ्टवेअर ती फ्रेम पूर्ण उलगडतं. दर पिक्सेलला चार आकडे, प्रत्येक आकड्याला चार बाइट धरले तर फोर-केची एक फ्रेम १३३ मेगाबाइटची होते, फुल एचडीची ३३ ची. कार्डावरची क्लिप कितीही दाबलेली असो, ग्राफिक्स कार्डावर ती या मापाने उतरते.

साध्या कटिंगला आणि रंग जुळवायला याची अडचण येत नाही. अडचण येते अंधारातल्या भागात. नृत्यात पदमला निळा मंद प्रकाश टाकतात, कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवावा लागतो आणि चित्रात दाणे येतात. ते काढताना सॉफ्टवेअर आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमही बघतं. दोन आधीच्या, दोन नंतरच्या आणि मधली एक म्हटलं तरी ६६५ मेगाबाइट नुसत्या उलगडलेल्या फ्रेमचे, आणि वर प्रत्येक प्रक्रियेच्या मधल्या प्रती. आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड इथे अडतं. डाविंची रिझॉल्व्ह अशा वेळी `GPU memory is full` असं सांगून थांबतं. संगणकाची रॅम १६ ची ३२ केली तरी हा संदेश जात नाही, कारण भरलेली असते ती ग्राफिक्स कार्डावरची मेमरी. घरी संपादन करणाऱ्यांनी रॅम विकत घेण्याआधी हे तपासावं.

रेंडरचा वेळ : पहिल्या पाच मिनिटांवर जाऊ नका

चाचणी सगळेच करतात. पण टाइमलाइनची पहिली पाच मिनिटं रेंडर करून त्यावरून पूर्ण कार्यक्रमाचा गुणाकार करतात. पहिल्या पाच मिनिटांत दीपप्रज्वलन असतं, भरपूर उजेड असतो, चित्रावर काही काम नसतं. आम्ही दोन तुकडे घेतो, एक साधा आणि एक सगळ्यात अंधाराचा, प्रत्येकी पाच मिनिटांचा. एका मिनिटाचा घेत नाही, कारण लॅपटॉप सुरुवातीला जोरात पळतो आणि तापला की मंदावतो.

ताईंच्या कामात आमच्या मशीनवर साध्या पाच मिनिटांना चार मिनिटं लागली आणि अंधाऱ्या पाच मिनिटांना तीस. तीन तासांपैकी अंधारा भाग ४० मिनिटं होता. १४० मिनिटांच्या साध्या भागाला ११२ मिनिटं, ४० मिनिटांच्या अंधाऱ्या भागाला २४० मिनिटं. एकूण ३५२, म्हणजे सहा तासांना थोडी कमी. नुसत्या पहिल्या तुकड्यावरून उत्तर दोन तास चोवीस मिनिटं आलं असतं. तोच कार्यक्रम फुल एचडी टाइमलाइनवर दीड तासात उतरत होता.

आणि रेंडर एकदाच होत नाही. शीर्षकात मृदंगमवाल्यांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला असतो आणि तो पूर्ण प्रत पाहिल्यावरच दिसतो. म्हणून आम्ही प्रत्येक रचनेचा तुकडा स्वतंत्र रेंडर करतो आणि मास्टरचे तुकडे नंतर जोडतो. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली असते, त्यामुळे तुकडे पुन्हा न दाबता जोडता येतात. चूक असलेला तुकडाच परत करावा लागतो. ‘तुम्ही एकच फाइल का देत नाही लगेच?’ असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

मग फोर-के घ्यावं की नाही?

मोठ्या पडद्यावर दाखवायचं असेल किंवा पुढे वर्षानुवर्षं जपायचं असेल तर जरूर घ्या, आम्ही आनंदाने करतो. पण घरच्या टीव्हीवर आणि फोनवर बघायचं असेल तर आमचा सल्ला वेगळा आहे. मधला, संपूर्ण रंगमंच दाखवणारा स्थिर कॅमेरा फोर-केमध्ये ठेवा, बाकीचे तीन फुल एचडीत ५० मेगाबिटवर, आणि कार्यक्रम फुल एचडीत तयार करा. मधल्या चित्राचा अर्ध्या रुंदीपर्यंतचा भाग कापून मोठा केला तरी तो फुटत नाही, म्हणजे एका कॅमेऱ्यातून दोन अँगल मिळतात. ताईंच्याच कार्यक्रमात अशा शूटिंगला ६३० ऐवजी ३९४ जीबी लागले असते, आणि मास्टरला ६६३ ऐवजी १६५. मात्र सगळे कॅमेरे २५ फ्रेमवरच ठेवा. एक २५ वर आणि एक ३० वर असेल तर हालचाल अडखळते, आणि नृत्यात ते लगेच डोळ्यांत भरतं.

शूटिंगच्या आधी कॅमेऱ्यांची संख्या, प्रत्येकाचा बिटरेट आणि कार्यक्रमाचा अंदाजे वेळ आम्हाला कळवा. जागेचा आकडा आम्ही फोनवरच सांगतो आणि कुठल्या मापाची हार्डडिस्क आणायची तेही. शूटिंग आणून दिल्यावर दोन तुकड्यांची चाचणी आम्ही मोफत करतो आणि तारीख त्यानंतरच देतो. पेनड्राइव्हवर प्रत हवी असेल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून आणा. एफएटी-३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि ‘पेनड्राइव्ह रिकामा आहे तरी जागा नाही म्हणतोय’ ही तक्रार तिथूनच येते.

गुरुवारी पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते, त्यामुळे लांब रेंडर आम्ही बुधवारी रात्री लावत नाही. शुक्रवारी कार्यक्रमाची प्रत हवी असेल तर शूटिंग सोमवारपर्यंत आमच्याकडे पोचवा.