स्कॅन केलेल्या नकाशाची वर्ल्ड फाइल स्वतः कशी लिहावी

आमच्याकडून स्कॅन करून नेलेला नकाशा सॉफ्टवेअरमध्ये उघडला की तो भलत्याच जागी, शून्य-शून्यापाशी जाऊन पडतो. मग एकेका चौकटीवर क्लिक करून नियंत्रण बिंदू देत बसावे लागते. नकाशावर चौरस ग्रिड छापलेली असेल आणि स्कॅन सरळ असेल, तर या खटाटोपाची गरज नाही. सहा आकड्यांची एक साधी मजकूर फाइल चित्राशेजारी ठेवली, की काम होते.

फाइलचे नाव चित्राचेच ठेवायचे, फक्त शेवट बदलायचा: `sheet07.jpg` साठी `sheet07.jgw`, टिफसाठी `.tfw`, पीएनजीसाठी `.pgw`. नोटपॅड गुपचूप `.txt` जोडतो आणि विंडोज ते दाखवत नाही. फाइल अजिबात वाचलीच जात नसेल, तर आधी हेच तपासा.

आता आकडे. १:२५,००० चा नकाशा ३०० डीपीआयने स्कॅन केला, तर एक पिक्सेल कागदावर सुमारे ०.०८४७ मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर साधारण २.११७ मीटर होतो. हा आकडा तसाच फाइलमध्ये लिहिण्याचा मोह होतो, पण तो टाळा. कागद दमटपणाने फुगतो, तोही दोन्ही दिशांना सारखा नाही. म्हणून ग्रिडच्या दोन दूरच्या छेदांवरून पिक्सेल मोजून घ्यावा. हिशोबाचा आकडा फक्त ताळा पाहायला वापरावा.

समजा, डाव्या वरच्या छेदाचे पूर्व-उत्तर अंक ४२०००० आणि ३१८०००० आहेत आणि चित्रात तो स्तंभ ४१२, ओळ ३८८ वर दिसतो. उजव्या खालच्या छेदाचे अंक ४३०००० आणि ३१७००००. तो स्तंभ ५१४२, ओळ ५११३ वर आहे. (पिक्सेल शून्यापासून मोजलेले आहेत.) आडवे अंतर ४७३० पिक्सेलचे, तर १०,००० भागिले ४७३० म्हणजे २.११४१६४९ मीटर. उभे अंतर ४७२५ पिक्सेलचे, म्हणून २.११६४०२१ मीटर. दोन्ही आकडे २.११७ च्या जवळ आहेत, म्हणजे मोजणीत गफलत नाही. आता पहिल्या छेदापासून डावीकडे ४१२ आणि वर ३८८ पिक्सेल मागे गेले, की चित्राच्या पहिल्या पिक्सेलचे निर्देशक मिळतात: ४२०००० मधून ८७१.०३५९ वजा, आणि ३१८०००० मध्ये ८२१.१६४० अधिक.

```
2.1141649
0
0
-2.1164021
419128.9641
3180821.1640
```

चौथ्या ओळीतले ऋण चिन्ह विसरू नका. चित्रात ओळी वरून खाली मोजतात आणि उत्तर अंक मात्र खाली जाताना घटतात. ते चिन्ह लिहायचे राहून गेले तर नकाशा उलटा होऊन वरच्या बाजूला जाऊन पडतो. हजारांचे स्वल्पविराम घालू नका, दशांशासाठी टिंबच वापरा. शेवटच्या दोन ओळी पहिल्या पिक्सेलच्या मध्यबिंदूच्या आहेत, त्याच्या कोपऱ्याच्या नव्हेत. म्हणूनच `gdalinfo` मधला `Origin` अर्ध्या पिक्सेलने वेगळा दिसतो (इथे 419127.9070 च्या आसपास). ती चूक नव्हे.

दुसरी आणि तिसरी ओळ तिरक्या चित्रासाठी असते. वरचा उजवा छेद ओळ ३८८ ऐवजी ४०० वर आला, तर स्कॅन जवळपास ०.१५ अंशांनी तिरका आहे. त्या ओळींत आकडे भरूनही हे जुळवता येते, पण आमचा सल्ला असा की आधी चित्र सरळ करून घ्या आणि छेद नव्याने मोजा. मात्र घडीच्या ठिकाणी उचललेला किंवा बांधणीजवळ वाकलेला कागद सहा आकड्यांनी सरळ होत नाही. तिथे बिंदू देण्यावाचून गत्यंतर नाही.

ताळ्यासाठी हिशोबात न घेतलेला तिसरा छेद पाहा. त्यावर कर्सर ठेवल्यावर छापील अंक एक-दोन पिक्सेलच्या आत दिसले, तर फाइल ठीक आहे.

फाइल लिहून झाल्यावर चित्राच्या कडा कापू नका. डावीकडून किंवा वरून कापलेला प्रत्येक पिक्सेल शेवटच्या दोन ओळी खोट्या ठरवतो. चित्र निम्मे लहान केलेत, तर पहिली आणि चौथी ओळ दुप्पट करा. पाचव्या ओळीत जुन्या पहिल्या आकड्याचा निम्मा भाग मिळवा, सहाव्या ओळीत जुन्या चौथ्या आकड्याचा, त्याच्या चिन्हासह.

आकडे कोणत्या निर्देशक प्रणालीतले आहेत, हे वर्ल्ड फाइल सांगत नाही. ते सॉफ्टवेअरमध्ये स्वतः निवडायचे. शिवाय क्यूजीआयएससारखी जी सॉफ्टवेअर जीडीएएलवर चालतात, ती एरवी टिफच्या आत लपलेली माहिती आणि शेजारची `.aux.xml` फाइल आधी मानतात, वर्ल्ड फाइल नंतर. आकडे बदलूनही नकाशा जागचा हलत नसेल, तर ती जुनी `.aux.xml` दुसरीकडे हलवून पुन्हा उघडा.