ते घोरणं नव्हतं

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, मे महिन्यात, हळदीच्या दिवशी नवरीचे मामा मांडवाच्या खांबाजवळ उभ्या उभ्या कोसळले. वय ५४. त्यांना घरात सगळे आबा म्हणतात. लग्नाच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा स्टँडवर तसाच चालू राहिला होता, त्यामुळे पुढची सोळा मिनिटं जशीच्या तशी टिपली गेली. नात्यातला डॉक्टर म्हणून ती चित्रफीत नंतर माझ्याकडे आली आणि मी ती घड्याळ लावून पाहिली.

पडल्यावर काही सेकंदांतच आबांचे हात आखडले, थरथरले. ‘फिट उनी, फिट उनी’ असा एकच गलका झाला. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी कांदा फोडून आणला, एका काकूंनी तोंडात पाणी ओतलं. तेवढ्यात आबांनी आ करून एक मोठा श्वास ओढला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक, घशातून घरघर आवाज करत. चित्रफितीत एक म्हातारा स्पष्ट ऐकू येतो : “घोरी ऱ्हायनात ना त्या, जीव शे.”

इथेच सगळे फसतात. हृदय अचानक बंद पडल्यावर मेंदूला रक्त जात नाही, त्यामुळे पहिल्या अर्ध्या मिनिटात झटका आल्यासारखी थरथर होऊ शकते. मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र मात्र आणखी काही मिनिटं अधूनमधून हुकूम सोडत राहतं. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे ते आचके असतात. मी मोजले, मिनिटाला पाच की सहा. शांत झोपलेला माणूसही बारा-पंधरा श्वास घेतो, तेही सारख्या अंतराने. म्हणून खूण सोपी आहे : खांदे हलवून जोरात हाक मारली तरी माणूस उठत नाही, आणि श्वास नाही किंवा असा अडखळत आहे. झालं, नाडी शोधत बसायचं नाही. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातले ठोके लागतात.

पडल्यापासून २ मिनिटं ४० सेकंदांनी भुसावळचा एक पाहुणा पोरगा पुढे आला. त्याने कॉलेजात एकदा छाती दाबायचं शिकून घेतलं होतं. पण तोवर लोकांनी आबांना उचलून खाटेवर ठेवलं होतं, आणि त्याने तिथेच दाबायला सुरुवात केली. चित्रफितीत त्याचे हात चांगले खाली जाताना दिसतात, पण जाते ती खाटेची सुंभाची वीण. छाती जागच्या जागी. पाऊण मिनिटाने कुणाच्या तरी लक्षात आलं आणि आबांना फरशीवर घेतलं.

छाती दाबून नेमकं होतं काय, ते समजायला हापसा आठवा. उन्हाळ्यात पाणी खोल गेलेलं असलं की पहिले दहा-पंधरा हात कोरडेच जातात. पाणी पाइपातून हळूहळू चढतं आणि मग धार लागते. मध्ये थांबलात आणि आतला वॉशर झिजलेला असला, की चढलेलं पाणी खाली उतरतं आणि पुन्हा पहिल्यापासून हात मारावे लागतात. इथेही तसंच. हृदय थांबलं की धमन्यांतला दाब काही सेकंदांत ओसरतो. एकामागून एक दाबत गेलं की तो चढत जातो, आणि पुरेसा चढल्यावरच हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळू लागतं. आपण दहा सेकंद थांबलो की तो झपाट्याने खाली येतो. आबांच्या बाबतीत एका जाणत्या गृहस्थांनी ‘थांब, थांब, नाडी पाहू दे’ म्हणून मध्ये २२ सेकंद घालवली. माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात महाग चूक तीच.

हापशाचा दांडा पूर्ण वर नेला नाही तर पुढच्या हाताला पाणी कमी येतं. तसंच, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदयात रक्त भरतं ते त्या वर येण्याच्या क्षणात. हात उचलायचे नाहीत, फक्त भार सोडायचा. थकलेला माणूस नेमका छातीवर रेलून राहतो.

जागा म्हणाल तर छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर. हृदय डावीकडे म्हणून डावीकडे दाबू नये, पोटावर तर नाहीच. एका तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवायचा, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. खोली मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटं आडवी. एवढं दाबायला ४०-५० किलोचा भार लागू शकतो. तो दंडाच्या जोरावर येत नाही, कमरेतून वाकून अंगाचं वजन टाकावं लागतं. नवख्यांची चूक बहुतेक वेळा कमी दाबण्याचीच असते.

वेग मिनिटाला १०० ते १२०. मोजायचं तर दहा सेकंदांत १७ ते २०. तो पोरगा सुरुवातीला १४० च्या वेगाने दाबत होता. एवढ्या घाईत दाब उथळ होतो आणि हृदय भरायला वेळच मिळत नाही. नशिबाने पोरगा दमला आणि आपोआप ११५ वर आला. पण दीड मिनिटानंतर त्याची खोलीही घटत गेली, आणि त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा तो याचसाठी. दुसऱ्याने आधीच समोर गुडघे टेकून तयार राहायचं.

तोंडाने श्वास कुणीच दिला नाही, आणि इथे त्याने फारसं बिघडलं नाही. चालता-बोलता माणूस अचानक कोसळतो तेव्हा फुप्फुसांत आणि रक्तात पहिल्या काही मिनिटांपुरता प्राणवायू शिल्लक असतो. तो फक्त फिरवायचा असतो. तापीत किंवा विहिरीत बुडालेला माणूस, मण्यारीच्या विषाने श्वास थांबलेला शेतकरी, आणि लहान मुलं, यांचं गणित वेगळं. तिथे प्राणवायू आधीच संपलेला असतो, म्हणून श्वासही लागतो. तो देता येत नसेल तर नुसतं दाबणं काहीच न करण्यापेक्षा बरं.

आता हिशोब पाहा. उशीर, खाट, चुकीचा वेग, मधला खंड, इतकं सगळं चुकूनही उपयोग का झाला? अशा वेळी हृदय बहुधा पूर्ण थांबलेलं नसतं, नुसतं थरथरत असतं. ती थरथर विजेच्या झटक्याने मोडता येते. पण थरथरतानाही स्नायू आपला साठा जाळत असतो. रक्त मिळालं नाही तर थरथर मंदावत सरळ रेषेवर येते आणि मग झटक्याचा उपयोग नसतो. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. चांगल्यातलं चांगलं दाबूनही नेहमीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकंच रक्त फिरतं. म्हणजे दहाव्या मिनिटाला आलेल्या वाकबगार माणसाला मुळात वाचवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. तिसऱ्या मिनिटाला ओबडधोबड दाबणारा पोरगा ती थरथर धरून ठेवतो. नुसत्या दाबण्याने हृदय पुन्हा चालू होणं विरळाच, म्हणून १०८ ला फोन त्याच क्षणी, स्पीकरवर टाकून, हात न थांबवता.

गाडी सोळाव्या मिनिटाला आली. पहिल्या झटक्याने काही झालं नाही. दोन मिनिटं पुन्हा दाबून दिलेल्या दुसऱ्या झटक्याला हृदयाने लय धरली. पुढे जळगावला स्टेंट पडला. दाबताना कट्टकन आवाज आला तेव्हा पोरगा दचकून थांबला होता, तेही चित्रफितीत आहे. कुणीतरी ओरडून त्याला पुन्हा लावला. मोठ्या वयात बरगडी मोडणं नेहमीचंच आहे आणि ती जुळते.

आबा दीड महिना खोकताना छातीला उशी धरून होते. भेटायला येईल त्याला एकच तक्रार : “त्या पोऱ्यानी मन्या बरगड्या मोडी टाक्यात.”