तीन वेळा `3` : जावास्क्रिप्टच्या एका गृहपाठाची तपासणी

दादरच्या संध्याकाळच्या वर्गात मी जावास्क्रिप्ट शिकवतो आणि गृहपाठाच्या वह्या बहुधा परतीच्या लोकलमध्ये, बसायला जागा मिळालीच तर, तपासतो. कॉलबॅकवरच्या पहिल्या गृहपाठानंतर ‘जावास्क्रिप्ट मनाला येईल तसे वागते’ ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. तिला कारणीभूत असलेला प्रश्न असा: पुढील प्रोग्राम काय छापेल?

```js
for (var i = 0; i < 3; i++) {
  setTimeout(() => console.log(i), 0);
}
console.log("संपले");
```

उत्तर आहे आधी `संपले`, आणि मग तीन वेळा `3`. तपासताना उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहून पुढे जाणे मला पटत नाही, कारण इथे प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे वेगळी समजूत असते. ज्याने `3 3 3 संपले` असे लिहिले, त्याला `i` कळला आहे, पण क्रम कळलेला नाही. ज्याने `संपले 2 2 2` लिहिले, त्याला दोन्ही कळले आहेत. फक्त लूप थांबण्यासाठी `i` ला आधी ३ व्हावे लागते, तेव्हाच अट खोटी ठरते, हे तो विसरला. त्याला मी जवळजवळ पूर्ण गुण देतो.

क्रमाचे आधी थोडक्यात सांगतो. `setTimeout` कॉलबॅक चालवत नाही. दिलेला वेळ संपल्यावर तो रांगेत उभा करण्याची व्यवस्था करते. सध्या चालू असलेला प्रोग्राम शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण झाल्याखेरीज रांगेतल्या कोणालाही आत घेतले जात नाही. म्हणून ० मिलिसेकंद याचा अर्थ ‘लगेच’ असा नसून ‘यापेक्षा लवकर नाही’ असा आहे. खात्री करायची असेल, तर शेवटच्या ओळीनंतर तीन सेकंद रेंगाळणारे एखादे लूप लिहावे. तिन्ही `3` त्या लूपनंतरच उमटतात. आणि शेवटच्या ओळीआधी `Promise.resolve().then(() => console.log("वचन"))` घातले, तर `संपले` नंतर, पण पहिल्या `3` च्या आधी, `वचन` छापले जाते. कारण प्रॉमिसच्या कॉलबॅकची रांग वेगळी असते आणि टायमरकडे वळण्यापूर्वी ती पूर्ण रिकामी केली जाते.

आता `i` कडे येऊ. क्लोजर म्हणजे आपण जिथे लिहिले गेलो तिथल्या व्हेरिएबलांशी संबंध टिकवून ठेवणारे फंक्शन. हा संबंध व्हेरिएबलशी असतो, त्याच्या त्या क्षणीच्या किमतीशी नव्हे. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरचा फोटो काढून खिशात ठेवणे वेगळे आणि ‘गाडीच्या वेळी येऊन इंडिकेटर बघा’ असे सांगून ठेवणे वेगळे. क्लोजर दुसऱ्या प्रकारचे आहे. `var` ने केलेला `i` पूर्ण लूपसाठी एकच असल्यामुळे तिघेही एकाच इंडिकेटरकडे पाहतात, आणि तोवर त्यावर ३ आलेले असतात.

२०१५ च्या आवृत्तीत आलेला `let` वापरला की `0 1 2` मिळते. यावरून बहुतेक विद्यार्थी ‘`let` किंमत लक्षात ठेवतो’ असा निष्कर्ष काढतात, आणि पुस्तकातल्या उदाहरणांपुरता तो निभावूनही जातो. त्याला उघडे पाडण्यासाठी मी पुढचा प्रश्न देतो:

```js
for (let i = 0; i < 3; i++) {
  setTimeout(() => console.log(i), 0);
  i++;
}
```

किंमत लक्षात राहत असती, तर `0` आणि `2` छापले गेले असते. प्रत्यक्षात `1` आणि `3` छापले जातात. कारण `let` असताना लूपच्या प्रत्येक फेरीसाठी नवा `i` तयार होतो, त्यात आधीच्या `i` ची किंमत उतरवली जाते, आणि वर लिहिलेले `i++` त्या नव्या `i` वर चालते. पहिल्या फेरीचा `i` ० ने सुरू होतो. कॉलबॅक त्याच्याशी जोडला जातो, आणि नंतर आतल्या `i++` मुळे तोच `i` १ होतो. मग नवा `i` १ घेऊन जन्मतो, लगेच २ होतो, अट पार करतो, दुसरा कॉलबॅक त्याला धरतो, आणि आतले `i++` त्याला ३ करते. तिसरा `i` ३ वरून ४ होतो, अट खोटी ठरते, त्यामुळे त्याला धरणारा कॉलबॅक तयारच होत नाही. अर्थात इंडिकेटर आता प्रत्येकाचा स्वतंत्र आहे, पण तो अजूनही इंडिकेटरच आहे, फोटो नव्हे.

काही वह्यांमध्ये मात्र उत्तर जुळेना म्हणून `0` च्या जागी `100`, मग `1000` घालून पाहिलेले दिसते. हा दाराला लिंबू-मिरची बांधण्याचाच प्रकार आहे. पहिल्या प्रोग्राममध्ये १००० घातले, तर `3 3 3` च येतात, फक्त सेकंदाने उशिरा. आणि तेही एकेक सेकंदाच्या अंतराने नव्हे, तर जवळजवळ एकदम, कारण तिन्ही टायमर लूप चालू असताना एकापाठोपाठ, अगदी क्षणार्धात लावले गेलेले असतात. `var` न बदलता दुरुस्ती हवी असेल, तर `setTimeout(console.log, 0, i)` असे लिहावे: तिसऱ्या जागेवरची किंमत टायमर लावतानाच काढून ठेवली जाते आणि पुढे कॉलबॅकला दिली जाते. फोटो हवाच असेल, तर तो असा काढता येतो.