मांडीत रॉड, हातात प्लेट

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की संकेश्वर-निपाणी भागात रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या वाढतात, आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळण्याचे प्रकारही. असाच एक बत्तीस वर्षांचा गडी बेळगावला आणला आहे असं समजू. डाव्या मांडीचं हाड मधोमध मोडलंय, नुसतं मोडलं नाही तर त्याचे तीन-चार तुकडे झालेत. उजव्या कोपरापासून मनगटापर्यंतची दोन्ही हाडं मात्र आडवी, सरळ रेषेत तुटलीत. डॉक्टर सांगतात, मांडीत रॉड घालू, हातात प्लेटा बसवू. बाहेर उभा असलेला भाऊ लगेच म्हणतो, "डॉक्टर, हातातपण रॉडच घाला की, एकदाचं मजबूत होऊ दे."

भावाचा हिशोब सरळ आहे: जे मजबूत ते चांगलं. पण मोडलेलं हाड लोखंडाने जुळत नाही. ते स्वतःच जुळतं, आणि ते कोणत्या वाटेने जुळेल हे तुटलेल्या जागी किती हालचाल होते यावर ठरतं.

स्विस संशोधक स्टीफन पेरेन यांनी हे सोप्या हिशोबात मांडलं. दोन तुकड्यांमध्ये १ मिलिमीटरची फट आहे आणि चालताना तिथे १ मिलिमीटर हालचाल होते असं धरा. फटीतल्या पेशी दुप्पट ताणल्या गेल्या, म्हणजे ताण १०० टक्के. अपघातानंतर तयार होणारा मऊ, लालसर पेशींचा थर एवढा ताण सोसतो. त्यानंतर येणारी कूर्चा जेमतेम १० टक्के सोसते आणि पक्कं हाड फक्त २ टक्के. आता तीच १ मिलिमीटर हालचाल तीन-चार तुकड्यांमधल्या एकूण १० मिलिमीटर फटींवर वाटली गेली, तर ताण १० टक्क्यांवर येतो. तिथे कूर्चा तयार होऊ शकते, तिच्यामुळे हालचाल आणखी कमी होते आणि मग हाड धरतं. उलट, फट फक्त ०.१ मिलिमीटर असेल आणि हालचाल ०.०५ असेल, तरी ताण ५० टक्के होतो. म्हणजे बारीक फट राहिली आणि तिथे थोडीशीही हालचाल होत राहिली, तर तीच सगळ्यात वाईट. फट एक तर पूर्ण मिटवून घट्ट दाबायची, नाहीतर तुकड्यांना थोडं हलू द्यायचं. दोन्हींच्या मधली जागा धोक्याची.

मांडीच्या तुकड्यांना म्हणूनच फार डिवचायचं नसतं. मांडी पूर्ण उघडून एकेक तुकडा जुळवायला घेतला तर त्या तुकड्याला रक्त पुरवणारं मांस आणि हाडावरचं आवरणच सुटतं. त्याऐवजी नितंबाच्या बाजूला, मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी छोटी चीर घेतात. तिथून एक लांब तार हाडाच्या आतल्या पोकळीतून, मोडलेल्या जागेच्या पलीकडे, गुडघ्याच्या वरपर्यंत नेतात. सगळं काम एक्स-रेच्या पडद्यावर बघत चालतं. तारेवरून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने जाड होत जाणारे रीमर फिरवून पोकळी मोठी करतात. १० मिलिमीटरचा रॉड घालायचा तर साधारण ११ ते ११.५ पर्यंत. रीमरने आतला रक्तपुरवठा काही काळ बिघडतो, पण बाहेरच्या आवरणाचा शाबूत असतो. शिवाय खरवडलेला हाडाचा चुरा तिथेच पडतो आणि जुळायला मदत करतो. मग वर आणि खाली आडवे स्क्रू घालून रॉडला कुलूप लावतात. ते नसतील तर तुकडे एकमेकांवर सरकतील आणि पाय आखूड होईल.

ही कल्पना कील शहरातले जर्मन सर्जन गेऱ्हार्ड क्युन्चर यांची. १९४० मध्ये बर्लिनच्या सभेत त्यांनी ती मांडली तेव्हा ऐकणाऱ्यांना ती फारशी पटली नव्हती. त्यांच्या रॉडला कुलूप नव्हतं, ते नंतर आलं. आजची पद्धत त्या दुसऱ्या टप्प्यामुळेच टिकलेली आहे.

रॉडचा मोठा फायदा जागेचा आहे. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर हात पेलतो, हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. रॉड हाडाच्या मधोमध असतो, म्हणून अंगाचं वजन त्याला वाकवण्यासाठी फार जोर लावू शकत नाही. प्लेट हाडाच्या एका बाजूला असते आणि मोडलेल्या मांडीत ती प्रत्येक पावलाला वाकत राहते. धातू एका झटक्यात नाही, हजारो वेळा वाकून तुटतो. म्हणून रॉडवाल्या रुग्णाला सहसा लवकर वॉकर घेऊन उभं करता येतं.

रॉडमध्ये चूक लपून राहते ती वळणाची. पोकळीत गोल रॉड असताना खालचा भाग आत किंवा बाहेर फिरला तरी एक्स-रेत हाड सरळ दिसतं. म्हणून टेबलावरच दुसऱ्या पायाशी तुलना करतात. गुडघ्याची वाटी समोर ठेवून, वरच्या टोकाचा छोटा उंचवटा दोन्ही बाजूंना सारखा दिसतो का ते पाहतात. घरी गेल्यावर एक पाऊल बाहेर फाकलेलं आणि दुसरं सरळ राहत असेल तर त्याच दिवशी दाखवायला यायला हवं.

हाताचं गणित उलट आहे. आतली दोन हाडं एकमेकांभोवती फिरतात म्हणून आपण तळहात वर करून प्रसाद घेतो आणि खाली करून भाकरी थापतो. अंगठ्याकडच्या हाडाला हलकी कमान असते. त्यात सरळ रॉड घातला तर कमान मोडते आणि हात फिरणं थांबतं. म्हणून इथे भावाचं मागणं चालत नाही. दोन्ही हाडं उघडून कडा तंतोतंत जुळवतात, प्लेट ठेवतात आणि मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना साधारण तीन-तीन स्क्रू घालतात. प्लेटचं भोक लांबट आणि उतारी असतं. त्यात एका कडेला घातलेला स्क्रू खाली जाताना हाडाला बाजूला सरकवतो आणि दोन्ही टोकं एकमेकांवर दाबली जातात. फट उरत नाही, हालचालही नाही. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एकत्र आलेल्या सर्जनांनी ही पद्धत रूढ केली. हाड इथे भोवती ढगासारखा उंचवटा न बनवता थेट जुळतं.

म्हणून तीन महिन्यांनी त्याचे दोन एक्स-रे शेजारी ठेवले की घरच्यांना वाटतं तसं दिसत नाही. मांडीत हाडाभोवती ढगासारखा भरगच्च उंचवटा आलेला आहे, तो चांगला. हातात नुसती भेग हळूहळू पुसट होत गेलेली आहे, तेही चांगलंच. हाताभोवती तसाच ढग दिसला, तर मात्र प्लेटखाली हालचाल होते आहे असं समजायचं. कुठला तरी स्क्रू सैल झालेला असतो किंवा बारीक फट राहिलेली असते. अशी प्लेट पुढे थकून मोडू शकते.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात एक प्रश्न विचारलाच पाहिजे: बिडी, तंबाखू, मिसरी चालू आहे का? निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. ऑपरेशन कितीही नीट झालं असलं तरी हे खरं आहे.

मांडी सहा-नऊ महिन्यांनीही टेकवताना दुखत असेल आणि ढग येत नसेल, तर बरेचदा जुना रॉड काढून पोकळी पुन्हा खरवडतात आणि १-२ मिलिमीटर जाड रॉड घालतात. हातात तसं झालं तर प्लेट बदलतात आणि कमरेच्या हाडातला चुरा आणून तिथे भरतात.