सोरायसिसच्या खपल्यांत जंतू नसतात

सोरायसिस झालेल्या सुनेचा टॉवेल आणि ताटवाटी वेगळी ठेवणारी घरं आजही आहेत. डोक्यातल्या खपल्या पाहून केस कापायला नकार देणारे न्हावीही आहेत. खपली पडली की तिच्याबरोबर रोगही पडतो, अशी त्यांची समजूत असते.

पण त्या खपलीत असतं काय? त्वचेच्या तळाशी नवी पेशी जन्मते, हळूहळू वर सरकते, वाटेत चपटी होऊन मरते आणि आपल्या नकळत गळून पडते. या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती नको तिथे चेतते. तिच्या टी-पेशींमधून सुटणाऱ्या रसायनांमुळे त्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि महिन्याचा प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. अर्धवट तयार झालेल्या पेशी एकमेकींपासून नीट सुटत नाहीत, म्हणून कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात चंदेरी थर साचतो. म्हणजे खपली ही त्या माणसाचीच मेलेली कातडी असते. दुसऱ्याच्या अंगावर पडली तर झटकून टाकावी, त्यापलीकडे काही होत नाही.

इसबात बिघाड वेगळा असतो. त्वचेचा बाहेरचा थर कच्चा असल्यामुळे आतलं पाणी उडून जातं, साबण आणि धूळ आत शिरतात आणि कंड सुटते. इसबही लागत नाही. गजकर्ण मात्र लागतो, कारण तो बुरशीमुळे होतो. म्हणून निदान आधी हवं. गजकर्णावर स्टेरॉइडचं मलम लावलं तर लाली दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं, तर किती लावायचं हे बोटावर मोजता येतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही कोपरांवरचे चट्टे मिळून चार तळहातांएवढे असतील, तर दिवसातून एकदा लावायला दोन रेघा, म्हणजे एक ग्रॅम लागेल. 30 ग्रॅमची ट्यूब महिनाभर चालेल. ती तीन महिने पुरत असेल तर मलम कमी पडतंय. आठवड्यात संपत असेल तर जास्त लागतंय, आणि त्याने कातडी पातळ होते. चेहरा आणि जांघेसाठी सौम्य मलम वेगळं असतं, कोपराचं तिथे लावू नये.

मॉइश्चरायझरला असं माप नाही, ते सढळ हाताने लावावं. आंघोळीनंतर अंग टिपून, कातडी ओलसर असतानाच लावलं तर पाणी आत टिकतं.

‘रक्त शुद्ध करून मुळापासून बरा’ म्हणणाऱ्या पुड्यांपासून दूर राहा. अशा काही पुड्यांत लपवलेलं स्टेरॉइड सापडलं आहे. पोटात घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं की सोरायसिस उसळू शकतो, कधी अंगभर पुवाळलेल्या फोडांसकट. इसबातून पाणी येऊन पिवळी खपली धरली, तर जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता असते. तेव्हा नुसतं मलम वाढवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.