लिप्यंतर झालेले मोडी दप्तर : फाईलची नावे, सूची आणि साठवण

मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर हातात आले की घरातल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात आपल्या गावाचा, आपल्या पूर्वजांचा उल्लेख कुठे कुठे आहे? पाच-पन्नास कागद असतील तर चाळून सापडतो. चार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले चार गठ्ठे, असतील तर मात्र उत्तर सूचीवर आणि फाईलींच्या नावांवर अवलंबून राहते. आमच्याकडून मिळालेल्या संचात काय काय आहे, ते तसेच का आहे आणि त्यात भर घालताना काय सांभाळायचे, हे या पत्रकात दिले आहे.

फाईलचे नाव

प्रत्येक बंदाच्या, म्हणजे दस्तातल्या प्रत्येक कागदाच्या, प्रत्येक बाजूला एक नाव असते. छायाचित्राची आणि मजकुराची फाईल त्याच नावाची, फक्त शेपूट वेगळे :

```
jsv-r04-d017-b02a.tif
jsv-r04-d017-b02a.txt
```

पहिली तीन अक्षरे तुमच्या दप्तराचा संकेत. r04 म्हणजे चौथा रुमाल, d017 म्हणजे त्यातला सतरावा दस्त, b02 म्हणजे त्या दस्ताचा दुसरा बंद, a पुढची बाजू आणि b मागची. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचे छायाचित्र घेतलेले असते. पत्र कधी पोचले ती पैवस्तीची नोंद कधी कधी मागे, अगदी कोपऱ्यात असते आणि पहिल्या नजरेत दिसत नाही. दस्तापर्यंतचा हाच क्रमांक मूळ कागदाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने लिहिलेला आहे. पेन किंवा चिकटपट्टी वापरू नये.

आकड्यांच्या आधीची शून्ये काढू नका. d1, d2, d10 अशी नावे दिली तर पुष्कळ प्रोग्राम d1, d10, d2 असा क्रम लावतात आणि बंद उलटसुलट होतात. नाव इंग्रजी लहान अक्षरांत आहे, त्यात मोकळी जागा नाही. ‘आजोबांचे पत्र (नवीन) फायनल’ असे नाव एका संगणकावर चालते, दुसऱ्यावर कॉपी करताना अडते.

नावात तारीख, व्यक्ती किंवा विषय मुद्दाम घातलेला नाही. वाचन सुधारते, तारीख बदलते, ‘विसाजी’ वाटलेले नाव पुढे ‘बिवाजी’ निघते. दर वेळी फाईलचे नाव बदलले तर सूची, मजकूर आणि पेन्सिलीचा क्रमांक यांची सांगड तुटते. बदलणारी माहिती सूचीत असावी आणि नाव कायमचे राहावे. पुढे त्याच रुमालाचा हरवलेला कागद सापडला तर त्याला शेवटच्या क्रमांकापुढचा क्रमांक द्या आणि सूचीच्या ‘संबंधित’ रकान्यात मूळ दस्ताचा क्रमांक लिहा. मधेच घुसवून पुढचे सगळे क्रमांक सरकवू नका.

तारखेचे रकाने चार का?

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. एक दस्त घेऊन पाहू. d017 वर तारीख अशी आहे : ‘छ १४ रजब, सन सबा सबैन मया व अलफ’. सबा म्हणजे 7, सबैन 70, मया 100, अलफ 1000, एकूण 1177. आता 1177 ही हिजरी समजली तर इसवी सन 1763 च्या सुमाराचे वर्ष येते, फसली समजली तर 1767, आणि शुहूर समजली तर 1776. आकडा तोच, पण कालगणना तीन, म्हणून उत्तरेही तीन. सन असा अरबी शब्दांत आणि सोबत मुसलमानी महिना, ही मराठी कागदांतली शुहूर सनाची नेहमीची ठेवण आहे. म्हणून इथे शुहूर धरला.

शुहूर वर्ष मृगाला बदलते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. मात्र तारीख कोणत्या अर्ध्यात पडते हे महिन्याच्या नावावरून कळत नाही, कारण चांद्र महिने दरवर्षी सुमारे 11 दिवस मागे सरकतात. जंत्री पाहावीच लागते. त्या वर्षी रजब ऑगस्टमध्ये होता, म्हणून 1177 मध्ये 599 मिळवून 1776, आणि दिवस 29 ऑगस्ट. चंद्रदर्शनाने एखादा दिवस इकडेतिकडे होतो, त्यामुळे सूचीत एक तारीख न देता पासून-पर्यंत अशा दोन दिल्या आहेत :

```
id:            jsv-r04-d017
tarikh_mul:    छ १४ रजब सबा सबैन मया व अलफ
kalganana:     शुहूर
isavi_pasun:   1776-08-28
isavi_paryant: 1776-08-30
```

मूळ तारीख जशीच्या तशी ठेवण्याचे कारण असे, की उद्या कुणाला आमचे रूपांतर चुकलेले वाटले तर पडताळायला आधार हवा. पुष्कळ खासगी पत्रांत ‘मया व अलफ’ गाळलेले असते, नुसते ‘सबा सबैन’. मग शतक आतल्या नावांवरून ठरवावे लागते. ते नक्की झाले नसेल तेव्हा पासून-पर्यंतचा पल्ला मोठा दिसेल. तो आळसाने मोठा ठेवलेला नाही, आणि अंदाजाने कमी करू नये.

सूचीची फाईल (suchi.csv) एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडू नका. देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसू शकतात. शिवाय एक्सेलला 1900 पूर्वीच्या तारखा कळत नाहीत : 1776 ची तारीख तो मजकूर म्हणून ठेवतो आणि 1905 ची मात्र खरी तारीख करून तिचे रूप बदलतो. मग तारीखवार क्रम लावला की यादीचे दोन तुकडे पडतात. ‘डेटा’ मेनूतून मजकूर फाईल आयात करा, UTF-8 निवडा आणि सगळे रकाने ‘टेक्स्ट’ ठेवा.

मजकूर दोनदा का लिहिला आहे?

प्रत्येक मजकूर फाईलीत वर ‘मूळ’ आणि खाली ‘शोध’ असे दोन भाग आहेत.

```
[मूळ]
मौजे वड=
गाव येथील इ[ना]म जमीन
[शोध]
मौजे वडगाव येथील इनाम जमीन
```

मोडीत शब्द सलग लिहितात आणि ओळ संपली की शब्द कुठेही तुटतो. ‘मूळ’मध्ये ओळी कागदाप्रमाणे ठेवल्या आहेत; शब्द तुटला तिथे = ही खूण आहे आणि फाटलेले किंवा अंदाजाने वाचलेले अक्षर चौकटी कंसात. अभ्यासकाला हेच रूप लागते. पण संगणकात ‘वडगाव’ किंवा ‘इनाम’ शोधाल तर या भागात एकही सापडणार नाही, कारण मधे खूण नाही तर कंस आला आहे. ‘शोध’ भागात खुणा काढून शब्द जोडले आहेत आणि लेखन आजच्या प्रमाणलेखनाच्या जवळ आणले आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे ‘पुणे’ शोधताना ‘पूणे’ही हाती यावे यासाठी हे लागते.

स्वतः मजकूर टंकलात तर एक अक्षर सांभाळा. ‘बऱ्हाणपूर’मधला ऱ्ह दोन प्रकारे टंकता येतो. एकात ‘ऱ’ (U+0931) आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक (U+200D). पडद्यावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचे नेहमीचे एकरूपीकरण (NFC) हा फरक मिटवत नाही. आम्ही ‘शोध’ भागात सगळीकडे U+0931 ठेवतो. हे बदलताना क्रम महत्त्वाचा : आधी दुसऱ्या प्रकाराचे पहिल्यात रूपांतर, मग उरलेले न दिसणारे जोडक काढायचे. उलटे केले तर ऱ्ह चा रफार होतो आणि ‘बर्हाणपूर’ उरते.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर शोधाच्या कामाचा नाही. तो आधी युनिकोडमध्ये आणावा. सोबतची पीडीएफ वाचायला आणि छापायला आहे. तिच्यातून देवनागरी कॉपी केली की काना-वेलांट्या जागा बदलतात, म्हणून शोध नेहमी .txt मध्ये घ्या.

माणसे आणि गावे

नुसत्या शब्दशोधाने माणूस सापडत नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे एकाच दप्तरात तीन पिढ्यांत दोन ‘गोविंद’ निघतात. आणि एकच माणूस कुठे ‘त्रिंबक’, कुठे ‘त्र्यंबकराव’, कुठे नुसता ‘तात्या’ असतो. म्हणून lok.csv मध्ये प्रत्येक माणसाला क्रमांक (n0042 असा), वडिलांचे नाव, आडनाव, कोणत्या वर्षांतल्या कागदांत दिसतो ती वर्षे आणि सगळी नामरूपे दिली आहेत. सूचीत नावाऐवजी हा क्रमांक येतो. दोन माणसे एकच आहेत असे पुढे कळले तर एक क्रमांक पुसू नका. त्याच्यापुढे ‘पाहा n0042’ लिहा. पुसलेला क्रमांक सूचीतल्या जुन्या नोंदींत लोंबकळत राहतो.

गावांचेही तसेच. वडगाव, पिंपळगाव नावाची गावे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. gav.csv मध्ये कागदातली तर्फ किंवा परगणा आणि आजचा तालुका हे दोन्ही रकाने आहेत. कागदात परगणा नसेल आणि गाव ठरवता आले नसेल तर तालुक्याचा रकाना रिकामा आहे. तुम्हाला घरच्या माहितीने ठाऊक असेल तर भरा, पण ‘आधार’ रकान्यात ‘कौटुंबिक माहिती’ असे जरूर लिहा.

दस्तप्रकाराचे शब्द ठरलेल्या यादीतलेच वापरा : सनद, महजर, निवाडपत्र, कर्जरोखा, ताकीदपत्र, हिशेब, खासगी पत्र. कुणी ‘कर्जरोखा’, कुणी ‘कर्जखत’, कुणी ‘रोखा’ लिहिले की कर्जाचे सगळे कागद एका शोधात येत नाहीत.

साठवण

tif फाईली मूळ प्रती आहेत; त्या उघडून कातरू किंवा उजळू नका, त्यासाठी jpg आहेत. छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवले तर ते लहान होते आणि नावही बदलते; ती प्रत संचात परत घालू नका. तीन प्रती ठेवा : एक घरच्या संगणकावर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. डिस्क खराब होऊ लागली की फाईल दिसते, पण आतून बिघडलेली असते. ते ओळखण्यासाठी प्रत्येक रुमालाच्या फोल्डरमध्ये checksums.sha256 ठेवली आहे. लिनक्सवर त्या फोल्डरमध्ये वर्षातून एकदा हे चालवा :

```
sha256sum -c checksums.sha256
```

प्रत्येक फाईलपुढे OK आले पाहिजे. FAILED दिसले तर ती फाईल दुसऱ्या प्रतीवरून आणा. पण त्याआधी दुसरी प्रतही तपासा, नाहीतर बिघडलेलीच फाईल पुन्हा येईल. या यादीत फक्त tif आहेत. मजकूर आणि सूची तुम्ही दुरुस्त करणार, त्यामुळे त्या बदलणारच. त्यांच्यासाठी दुरुस्तीआधीची प्रत तारीख घातलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि badal.txt मध्ये दस्तक्रमांक, काय बदलले, कुणी आणि कशाच्या आधारे, एवढी एक ओळ लिहा. वाचनातली दुरुस्ती आम्हाला कळवायची असेल तर तीच ओळ आणि त्या बंदाचा क्रमांक पुरतो. छायाचित्र पुन्हा पाठवायची गरज नाही.